खडकचक्राच्या बाणावर काय लिहायचे?

नववीच्या भूगोलाच्या कृतिपत्रिकेत खडकचक्राची आकृती हमखास विचारली जाते. अग्निजन्य, गाळाचा आणि रूपांतरित अशा तीन चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण. मुले चौकटी बिनचूक भरतात, कारण नावे पाठ असतात. बाणही काढतात, पण ते कोरे सोडतात, नाहीतर सगळ्यांवर ‘बदल होतो’ असे लिहून मोकळी होतात. खरा धडा मात्र त्या बाणांतच आहे. खडक कोणत्या जातीचा, हे चौकट सांगते. तो तिथे पोहोचला कसा, हे बाणाने सांगायचे असते.

दुसरी अडचण अशी की खडकचक्र पहिल्या पानावर आणि भूपट्टांची हालचाल दुसऱ्या पानावर असते. मुले हे दोन धडे वेगवेगळे पाठ करतात आणि वेगवेगळे विसरतात. वास्तविक हा एकच विषय आहे. भूपट्ट हलले नसते तर खडकचक्र समुद्रतळाशी येऊन कायमचे थांबले असते. हे पटवायला एकच दगड पुरतो. महाबळेश्वरच्या कड्यावरचा काळा दगड घेऊ आणि त्यातला कण कुठवर जाऊ शकतो ते पाहू. ज्या घरात नववीचे मूल आहे त्या घराला ही आकृती वहीत काढता येईल, आणि ज्या घरात नाही त्यालाही घाटातून जाताना कडा नीट वाचता येईल.

हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याचाच आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताची भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि ती एका तप्त स्थानावरून सरकत होती. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर आजही जागा असलेला ज्वालामुखी त्याच तप्त स्थानाचा, असे भूशास्त्रज्ञ मानतात. तिथे लांबलचक भेगांतून लाव्हारस वर आला, मैलोगणती पसरला आणि थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. असे थरावर थर साचत गेले. आज उरलेले क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे.

इथे मुलांच्या मनातला एक गैरसमज काढायला हवा. जमिनीखाली सगळीकडे वितळलेल्या शिलारसाचा समुद्र आहे आणि त्यावर भूपट्ट तरंगतात, अशी बहुतेकांची समजूत असते. तसे नाही. कवचाखालचे प्रावरण घन आहे. ते अतिशय तापलेले असल्यामुळे लाखो वर्षांच्या हिशेबात हळूहळू वाहते, पण ते वितळलेले नाही. मग शिलारस येतो कुठून? खोलवरचा तापलेला खडक वर सरकू लागला की त्याच्यावरचा दाब कमी होतो. जास्त दाबाखाली जो खडक त्याच तापमानाला घट्ट होता, तो दाब कमी झाल्यावर थोडाथोडा वितळतो. दख्खनचा लाव्हारस प्रामुख्याने असा जन्मला. म्हणून ‘वितळणे’ या बाणावर नुसते ‘उष्णता’ लिहिणे अपुरे आहे. दाब कमी झाल्यानेही खडक वितळतो.

लाव्हारस उघड्यावर भराभर थंड झाला म्हणून बेसाल्टचे स्फटिक फार बारीक राहिले. साध्या डोळ्यांना दगड एकसारखा काळपट दिसतो. तसाच शिलारस जमिनीत खोलवर सावकाश निवला असता तर स्फटिक मोठे झाले असते. ग्रॅनाइटमध्ये पांढरे, गुलाबी, काळे ठिपके वेगवेगळे दिसतात ते त्यामुळेच. घाटात रस्त्यासाठी कापलेला डोंगर पाहिला तर काळ्या थरांच्या मध्ये कधीकधी तांबड्या मातीची पट्टी दिसते. एका उद्रेकानंतर दुसरा होईपर्यंत वरचा खडक हवा-पाण्याने कुजला, त्याची ती माती, आणि पुढच्या लाव्हारसाने ती झाकली. म्हणजे चक्राचा पुढचा बाण त्या पट्टीत आधीच सुरू झालेला असतो.

तो बाण विदारणाचा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे पावसाचे पाणी किंचित आम्ल असते. ते भेगांत शिरते आणि बेसाल्टमधल्या खनिजांवर काम करते. फेल्स्पारची चिकणमाती होते. कॅल्शियम आणि सोडियम पाण्यात विरघळून निघून जातात. लोह मागे राहते आणि गंजते. अति पावसात बाकीचे जवळजवळ सगळे धुऊन गेले की लोह आणि ॲल्युमिनियम उरतात. तो जांभा. पाचगणीचे टेबल लँड आणि कोकणातल्या घरांचे चिरे याच दगडाचे. देशावर पाऊस कमी, तिथे त्याच बेसाल्टची काळी माती झाली, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अर्धवट कुजलेला खडक म्हणजे आपला मुरूम. विहीर खणणाऱ्या माणसाला माती, मुरूम आणि काळा पाषाण हा क्रम चांगला ठाऊक असतो, आणि तो वरून खाली विदारणाचाच आलेख आहे.

परीक्षेत विदारण आणि झीज यांची सरमिसळ फार होते. खडक जागच्या जागी फुटतो किंवा कुजतो ते विदारण. सुटे झालेले कण पाणी, वारा किंवा बर्फ उचलून नेतात ती झीज आणि ते वहन. मुरूम जागेवर आहे तोवर केवळ विदारण झाले आहे. पहिल्या पावसात ओढ्याला तांबूस गढूळ पाणी आले की झीज सुरू झाली.

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा अरबी समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटरवर आहे. तरीही दख्खनचे पठार पूर्वेकडे कललेले असल्यामुळे ती १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत ती कर्नाटक आणि आंध्रातल्या फार जुन्या खडकांचा गाळही उचलते. समुद्राजवळ वेग मंदावतो आणि त्रिभुज प्रदेश तयार होतो. वाळू आधी खाली बसते, बारीक चिखल पुढे जातो. आता एक गोष्ट आकृतीत कुणी लिहीत नाही, पण ती खरी आहे. कृष्णेवर आणि तिच्या उपनद्यांवर इतकी धरणे आहेत की गाळाचा मोठा वाटा जलाशयांतच अडकतो. हा बाण माणसाने बारीक केला आहे.

समुद्रात पोहोचलेल्या गाळावर नवा गाळ बसत जातो. वजनाने खालच्या थरांतले पाणी पिळून निघते, कण जवळ येतात, आणि फटींतून फिरणाऱ्या पाण्यातली खनिजे त्यांना सांधतात. चिखलाचा शेल होतो, वाळूचा वाळूखडक. बेसाल्टमधून विरघळून गेलेल्या कॅल्शियमचे काय? समुद्री जीव त्यातून शिंपले बांधतात, आणि त्यांचा चुरा साचून चुनखडक होतो. एकाच काळ्या दगडाची माती एका खडकात जाते आणि त्याचे विरघळलेले द्रव्य दुसऱ्याच खडकात. म्हणून आकृतीत एका चौकटीतून एकच बाण निघतो असे समजू नये.

इथे जरा थांबू. बेसाल्ट झिजला, गाळ समुद्रात गेला, त्याचा खडक झाला. पृथ्वीवर केवळ ऊन, पाऊस आणि नद्या असत्या तर गोष्ट इथेच संपली असती. डोंगर झिजून सपाट झाले असते आणि सगळा गाळ कायमचा समुद्राखाली पडून राहिला असता. त्या गाळाला वर उचलणारे किंवा खाली ओढणारे काहीतरी हवे. ते काम भूपट्ट करतात.

भारतीय भूपट्ट ईशान्येकडे वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर सरकतो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात तो जवळपास ७५ सेंटीमीटर सरकला. हा पट्टा फक्त जमिनीचा नाही. बंगालच्या उपसागराचा बराचसा तळही त्याचाच भाग आहे, आणि त्यावर साचलेला गाळ त्याच्याबरोबर प्रवास करतो. अंदमान-निकोबारच्या पश्चिमेला समुद्रात हा भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली शिरतो. याच सीमेवर २६ डिसेंबर २००४ चा महाभूकंप आणि त्सुनामी झाली.

कृष्णेच्या मुखापासून ती सीमा साधारण १,२०० किलोमीटर दूर आहे. म्हणजे १२ कोटी सेंटीमीटर. त्याला ५ ने भागले तर २ कोटी ४० लाख वर्षे येतात. मुलांकडून हे गणित जरूर करवून घ्यावे, पण सोबत हेही सांगावे की ही कमीत कमी मुदत आहे. भूपट्ट सीमेवर सरळ आदळत नाही, तिरका घासत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून बराच जास्त काळ लागेल. ‘खडकचक्राला किती वेळ लागतो?’ या प्रश्नाला एक आकडा उत्तर म्हणून देता येत नाही, त्याचे कारण इथे कळते. लाव्हारस थिजायला काही दिवस ते काही वर्षे पुरतात, पण हा एकच टप्पा कोट्यवधी वर्षांचा.

सीमेवर पोहोचलेल्या गाळाचे पुढे तीन प्रकार होतात आणि बहुतेक आकृत्या त्यांतला एकच दाखवतात. बराचसा गाळ खाली जातच नाही. वरच्या भूपट्टाची कड तो खरवडून काढते, आणि चुरगळलेल्या थरांची रास वाढत वाढत पाण्याबाहेर येते. अंदमानच्या बेटांवर जे वाळूखडक आणि शेल दिसतात ते असेच समुद्रतळावर साचलेले आणि नंतर वर ढकलले गेलेले आहेत. पाण्याबाहेर आले की त्यांचे पुन्हा विदारण सुरू. म्हणजे गाळाच्या खडकापासून परत गाळाकडे जाणारा आखूड बाण हवा. रूपांतरित न होता, न वितळता एखादा कण असा कितीतरी वेळा फिरू शकतो.

उरलेला गाळ खोल जातो. तिथे साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान आणि प्रचंड दाब यांमुळे खनिजे बदलू लागतात. हे रूपांतरण. इथे न वितळता बदल होतो, हा मुद्दा अधोरेखित करण्यासारखा आहे. तव्यावर भाकरी भाजताना पिठाचा पोत, रंग, चव सगळे बदलते, पण पीठ वितळून पातळ होत नाही. तसेच शेलची पाटी होते, चुनखडकाचा संगमरवर होतो, वाळूखडकाचा क्वार्टझाइट. खडक वितळला की तो रूपांतरित राहिला नाही, शिलारस झाला.

तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त चुकतो. ‘खाली गेलेला भूपट्ट वितळतो आणि त्याचा ज्वालामुखी होतो’ असे सर्रास लिहिले जाते. बहुतेक ठिकाणी घडते ते वेगळे. खाली जाणारा भूपट्ट तापतो आणि त्यातल्या खनिजांत अडकलेले पाणी बाहेर पडते. ते पाणी वरच्या तप्त प्रावरणात शिरते. पाणी मिसळले की खडक कमी तापमानाला वितळतो. शिलारस तयार होतो तो मुख्यतः त्या प्रावरणाचा. खाली गेलेल्या गाळातली काही द्रव्ये त्यात मिसळतात. अंदमानच्या पूर्वेला बॅरन बेटावरचा ज्वालामुखी याच पद्धतीचा आहे. दीर्घ शांततेनंतर १९९१ साली तो पुन्हा जागा झाला. त्याच्या लाव्हारसाचा खडक समुद्रातच आहे आणि लाटा त्याला झिजवू लागल्या आहेत.

आता वहीतली आकृती. मुख्य साखळी वरून खाली अशी मांडावी आणि प्रत्येक बाणावर क्रियेचे नाव लिहावे:

शिलारस
↓ निवून घट्ट होणे
अग्निजन्य खडक: सह्याद्रीचा बेसाल्ट
↓ विदारण
माती, वाळू आणि विरघळलेली द्रव्ये
↓ झीज, वहन (कृष्णा) आणि संचयन (त्रिभुज प्रदेश, समुद्रतळ)
गाळाचे थर
↓ दाबले जाणे आणि सांधले जाणे
गाळाचा खडक: शेल, वाळूखडक, चुनखडक
↓ उष्णता आणि दाब, न वितळता (भूपट्ट खाली जाताना)
रूपांतरित खडक
↓ वितळणे: तापमान वाढून, दाब घटून किंवा पाणी मिसळून
शिलारस

आडवे बाण:
अग्निजन्य खडक → उष्णता आणि दाब → रूपांतरित खडक
गाळाचा खडक → भूपट्टांच्या टकरीने वर उचलला जाणे → विदारण
रूपांतरित खडक → वर उचलला जाणे → विदारण

ही आकृती तपासताना मी आधी आडवे बाण पाहतो. ते नसतील तर प्रत्येक खडकाने क्रमाने तिन्ही चौकटींतून जायलाच हवे, असे मुलाला वाटते आहे हे कळते. मग ‘वर उचलला जाणे’ हे शब्द शोधतो. ते नसतील तर भूपट्ट अजून दुसऱ्या पानावरच राहिले आहेत.

लघुत्तरांत दोन-तीन वाक्ये पुरतात, पण त्यांत कारण आले पाहिजे. ‘बेसाल्ट बारीक कणांचा का असतो?’ याला ‘तो लाव्हारसापासून बनतो’ हे उत्तर अर्धे आहे. लाव्हारस भूपृष्ठावर लवकर निवतो आणि स्फटिकांना वाढायला वेळ मिळत नाही, इतके लिहिले की ते पुरे होते. ‘गाळाच्या खडकांत जीवाश्म सापडतात, अग्निजन्य खडकांत सहसा का नाहीत?’ गाळ थंड असतो आणि जिवांचे अवशेष थरांखाली हळूहळू गाडले जातात. लाव्हारसाचे तापमान हजार अंशांच्या घरात असते, त्यात अवशेष टिकत नाहीत. दख्खनमध्ये दोन लाव्हाथरांच्या मधल्या तळ्यांच्या गाळात मात्र जीवाश्म मिळतात, आणि हे ज्याने लिहिले त्याला एक गुण जास्त द्यावा असे मला मनापासून वाटते.

‘एव्हरेस्टच्या माथ्यावर चुनखडक कसा?’ हा प्रश्न भूपट्ट आणि खडकचक्र दोन्ही एकत्र तपासतो. उत्तर असे: भारत आणि आशिया यांच्यामध्ये पूर्वी समुद्र होता आणि त्याच्या तळाशी समुद्री जिवांच्या अवशेषांसह चुनखडीचा गाळ साचला होता. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आशियाला धडकू लागला, दोन्हींचे कवच जाड आणि हलके असल्याने कोणतेच सहज खाली गेले नाही, आणि मधले थर वळ्या पडून वर उचलले गेले. इथे ‘समुद्राची पातळी पूर्वी तेवढी उंच होती’ असे उत्तर आले तर समजावे की उचलला जाण्याचा बाण अजून उमगलेला नाही.

‘महाराष्ट्रात तिन्ही प्रकारचे खडक मिळतात का?’ मिळतात. बेसाल्ट बहुतेक भागात, चंद्रपूर भागात कोळशासोबत वाळूखडक आणि चुनखडक, आणि भंडारा, गडचिरोली, सिंधुदुर्ग या कडेच्या जिल्ह्यांत जुने रूपांतरित खडक. लाव्हारस जिथवर पोहोचला नाही किंवा जिथे त्याचे थर झिजून गेले, तिथे खालचा जुना पाया उघडा दिसतो.

एक प्रश्न मुले हमखास स्वतःहून विचारतात, आणि तो कृतिपत्रिकेत असायलाच हवा. भूकंप भूपट्टांच्या कडेला होतात, तर ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत कसा झाला? किल्लारी कोणत्याही कडेजवळ नाही, हिमालयाची सीमा तिथून हजारभर किलोमीटर दूर आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेला अडला असला तरी त्याच्यावरचा रेटा चालूच आहे, आणि तो ताण भूपट्टाच्या अंतर्भागातही साठतो. बेसाल्टच्या थरांखाली पायाच्या खडकात जुने, कमकुवत भ्रंश दडलेले आहेत. त्यांतला एखादा तो ताण न पेलून सरकला की भूकंप होतो. वरून सगळीकडे सारखाच काळा दगड दिसत असल्यामुळे असे भ्रंश नकाशावर आखणे कठीण जाते. ‘भूकंप फक्त भूपट्टांच्या सीमेवर होतात’ हे विधान चूक की बरोबर, असे विचारले तर उत्तर ‘चूक’ असे द्यावे आणि कारण म्हणून किल्लारीचे नाव लिहावे.